रंगमंचावरचे स्वगत क्लोज-अपमध्ये

प्रश्न : नाटकातला प्रवेश पटकथेत आणताना संवाद, हालचाली व नेपथ्य यांत काय बदलावे?

उत्तर : विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधले बेणारेबाईंचे शेवटचे स्वगत हे याचे उत्तम उदाहरण. रंगमंचावर ती बोलते तेव्हा बाकीची पात्रे गोठून उभी राहतात. ती इतरांशी बोलत नाही, मनातले ऐकवते आहे, हे प्रेक्षक त्यावरून ओळखतो. कॅमेऱ्यासमोर मात्र गोठलेल्या माणसाची पापणी लवलेलीही दिसते आणि संकेत उघडा पडतो. म्हणून त्यांना चौकटीबाहेर ठेवावे.

चेहरा पडदा व्यापतो तेव्हा भावनेचे नाव घेणारी वाक्ये आधी गाळावीत. डोळे ते सांगतातच. घटना सांगणारी वाक्ये राहू द्यावीत, कारण ती चेहऱ्यावरून कळत नाहीत. शेवटच्या रांगेसाठी चढवलेला आवाज कुजबुजीपर्यंत उतरवावा. क्लोज-अपमध्ये दोन पावले टाकली तरी चेहरा चौकटीबाहेर जातो, त्यामुळे येरझारांऐवजी मान वळणे किंवा बोटांची चाळवाचाळव लिहावी. सभागृहाच्या नेपथ्यातून खुर्चीची पाठ, बंद दाराची कडी एवढेच उरते. संकलनात स्वगत लांबले, तर कापून जायला जागा हवी. त्यासाठी त्या खुर्चीचे, कडीचे शॉट पटकथेतच नोंदवावेत.