मृत व्यक्तीच्या नावावरचे वीज, गॅस आणि फोनचे कनेक्शन : कोणाला, केव्हा आणि काय लिहावे

घरातील कर्ती व्यक्ती गेल्यावर कुटुंबीय मृत्यूचा दाखला घेऊन बँकेत येतात. खाते, ठेवी, लॉकर यांची चौकशी होते. पण त्याच व्यक्तीच्या नावावर विजेचे मीटर, गॅसचे पुस्तक आणि मोबाईलचा नंबरही असतो, हे बहुधा दोन-तीन महिन्यांनी, काहीतरी अडल्यावर लक्षात येते. या तिन्ही ठिकाणी कुटुंबाची अनामत रक्कम अडकलेली असते आणि तिन्हींचा संबंध शेवटी बँक खात्याशी येतो. म्हणून हे काम कोणत्या क्रमाने करावे, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, बेंगळुरूत बसवनगुडी भागात राहणारे एक निवृत्त गृहस्थ मार्च महिन्यात वारले. मागे पत्नी, बेंगळुरूतच राहणारा मुलगा आणि बेळगावला दिलेली मुलगी. घर, वीज, गॅस आणि मोबाईल हे सगळे वडिलांच्याच नावावर. वीजबिल त्यांच्या एकट्याच्या बचत खात्यातून दर महिन्याला आपोआप वळते होत असे.

पहिली अडचण : आपोआप भरले जाणारे बिल थांबते

मुलाने एप्रिलमध्ये मृत्यूचा दाखला बँकेत दिला. दाखला मिळताच बँक त्या खात्यातून पैसे जाणे थांबवते. हे बरोबरच आहे. ती रक्कम आता वारसांची झालेली असते. पण त्याबरोबर वीजबिलाची स्वयंचलित वसुलीही थांबते. बिलाची सूचना वडिलांच्या मोबाईलवर येते आणि तो मोबाईल कपाटात बंद पडलेला असतो. असे बिल थकले, तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे कंपनी किमान पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडू शकते.

उपाय सोपा आहे. बँकेत दाखला देण्याआधी वडिलांच्या खात्याचे मागील बारा महिन्यांचे विवरण पाहा आणि त्यातून आपोआप जाणाऱ्या रकमांची यादी करा. वीज, फोन, विम्याचा हप्ता, सगळे त्यात दिसते. दुसऱ्या दिवसापासून ही बिले आपल्या स्वतःच्या खात्यातून भरा. बिल भरायला कनेक्शन आपल्या नावावर असावे लागत नाही. बिलावरचा ग्राहक क्रमांक पुरेसा असतो. वडिलांचा पिन माहीत आहे म्हणून त्यांच्याच खात्यातून भरू नका. मृत्यूनंतर ते खाते वापरण्याचा अधिकार कोणालाही नसतो, आणि पुढे वारसांत हिशेबाचा प्रश्न निघाला तर तीच नोंद अडचणीची ठरते.

विजेचे मीटर : बदली की बंद?

घरात कोणी राहणार असेल तर नाव बदलून घ्यावे. मीटर बंद करू नये. बंद केले तर नव्या कनेक्शनचा सगळा खर्च पुन्हा येतो. घर पाडायचे असेल, तरच बंद करण्याचा अर्ज योग्य.

बेंगळुरूत वीज बेसकॉम कंपनी पुरवते. बिलावर आर. आर. नंबर आणि उपविभागाचे नाव छापलेले असते. त्या उपविभागाच्या सहायक कार्यकारी अभियंत्यांच्या नावे अर्ज करायचा. सोबत साधारणपणे हे कागद लागतात : मृत्यूचा दाखला, सगळे वारस दाखवणारा वंशवृक्ष, जो नाडकचेरीतून मिळतो, घराच्या खात्याचा उतारा आणि कर भरल्याची पावती, अर्जदाराचे ओळखपत्र, शेवटचे भरलेले बिल, आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र. हमीपत्र मागितले, तर त्याचा मजकूर कार्यालयातूनच घ्यावा. बाहेर स्वतः तयार करून नेऊ नये.

आपल्या मराठी कुटुंबांची फाइल इथे एका खास कारणाने अडते. कर्नाटकात नावाआधी आद्याक्षरे लिहिण्याची पद्धत आहे. त्यामुळे तीस वर्षांपूर्वीच्या वीजबिलावर दोन आद्याक्षरे आणि आडनाव असते, आधारवर स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव असे पूर्ण नाव असते, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कधी आडनावच गळलेले असते. तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला ही तीन माणसे वाटतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी तिन्ही कागद शेजारी ठेवून नावे अक्षरशः जुळवून पाहा. दाखल्यातच चूक असेल तर ती नोंदणी कार्यालयातून आधी दुरुस्त करून घ्या, कारण तोच कागद पुढे बँक, विमा आणि घराच्या खात्यासाठी लागणार आहे. फरक फक्त आद्याक्षरांचा असेल, तर ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र जोडावे.

पत्रात काय असावे

पत्र कन्नड किंवा इंग्रजीत द्यावे. मजकूर असा ठेवावा :

*‘विषय : आर. आर. नंबर ...... हे कनेक्शन वारसाच्या नावे करण्याबाबत.*

*वरील कनेक्शन माझे वडील श्री. ...... यांच्या नावे आहे. ते दिनांक ...... रोजी वारले. दाखला सोबत जोडला आहे. त्यांच्या मागे माझी आई, मी आणि माझी बहीण असे तीन वारस आहोत. हे कनेक्शन माझी आई श्रीमती ...... यांच्या नावे करावे, ही विनंती. मी आणि माझी बहीण यांची ना-हरकत पत्रे सोबत आहेत.*

*या कनेक्शनपोटी जमा असलेली सुरक्षा अनामत रक्कम व तिचे व्याज माझ्या आईच्या नावे वर्ग करावे. आजपर्यंतचे बिल भरले आहे. यापुढील सूचना मोबाईल क्रमांक ...... वर पाठवाव्यात.’*

यातला अनामतीचा परिच्छेद बहुतेक लोक विसरतात. मीटर घेताना भरलेली ही रक्कम वडिलांची, म्हणजे आता वारसांची आहे. अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे तिच्यावर किमान बँक दराने व्याज द्यावे लागते आणि ग्राहकाने कनेक्शन सोडले की ती परत करावी लागते. म्हणून ना-हरकत पत्रातही ‘कनेक्शन व त्यावरील अनामत रक्कम’ असे दोन्ही शब्द बहिणीकडून लिहून घ्यावेत.

कनेक्शन बंद करायचे असेल तर विनंती वेगळी लिहायची : अमुक तारखेला शेवटचे रीडिंग घ्यावे, अंतिम बिल अनामतीतून वजा करावे आणि उरलेली रक्कम वारसाच्या खात्यात जमा करावी. सोबत वारसाचा रद्द केलेला चेक जोडावा. हे लिहिले नाही, तर परतावा नोंदीवरच्या नावाने, म्हणजे वडिलांच्या नावाने निघतो. तो चेक घेऊन लोक आमच्याकडे येतात, आणि मृत व्यक्तीच्या नावाचा चेक मुलाच्या खात्यात आम्हाला भरता येत नाही. थेट जमा झालेली रक्कमही बँक ‘खातेदार मृत’ असा शेरा मारून परत पाठवू शकते. मग सगळा पत्रव्यवहार पुन्हा.

अर्जाची दुसरी प्रत नेऊन त्यावर तारीख, शिक्का आणि आवक क्रमांक घ्यावा. दोन बिलांनंतरही नाव बदलले नाही, तर त्या क्रमांकासह स्मरणपत्र द्यावे आणि १९१२ वर तक्रार नोंदवावी. त्यानंतर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे.

घराला गृहज्योती योजनेची सवलत असेल, तर तिची नोंदणी वडिलांच्या आधारवर झालेली असते. मीटरवरचे नाव बदलल्याने ती आपोआप बदलत नाही. जुने आधार काढून राहणाऱ्या व्यक्तीच्या आधारवर सेवा सिंधूवर नव्याने नोंदणी करावी लागते.

गॅस : जुन्या व्हाउचरची किंमत

गॅसच्या वितरकाकडे मृत्यूचा दाखला, वारसाचे ओळखपत्र, इतर वारसांचे ना-हरकत पत्र, गॅसचे पुस्तक आणि मूळ सबस्क्रिप्शन व्हाउचर न्यावे. सिलिंडर आणि रेग्युलेटरची अनामत याच व्हाउचरवर लिहिलेली असते.

येथे ‘बंद करून नवीन घेऊ’ हा सल्ला महाग पडतो. घरात दोन सिलिंडर आणि एक रेग्युलेटर आहे आणि जुन्या व्हाउचरवर १,७०० रुपये अनामत आहे असे समजा. बंद केल्यास १,७०० रुपयेच परत मिळतील. १६ जून २०२२ पासून १४.२ किलोच्या नव्या सिलिंडरची अनामत २,२०० आणि रेग्युलेटरची २५० रुपये झाली. म्हणजे नव्या कनेक्शनला ४,६५० रुपये भरावे लागतील. मृत्यूमुळे वारसाच्या नावे बदली करताना मात्र जुनीच अनामत पुढे चालते. तेव्हा अर्जात ‘मृत्यूमुळे कायदेशीर वारसाच्या नावे बदली’ हेच शब्द वापरावेत. व्हाउचर हरवले असेल तर वितरकाच्या नमुन्यातील प्रतिज्ञापत्र द्यावे.

मोबाईल : सर्वांत शेवटी

फोनचे बिल वाचवायला पुष्कळ लोक हाच नंबर आधी बंद करतात. तो शेवटी करावा. बंद झालेला नंबर किमान नव्वद दिवस कोणाला दिला जात नाही, पण त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाकडे जाऊ शकतो. तोवर गॅस, वीज, विमा किंवा बँकेत तोच नंबर नोंदलेला राहिला, तर त्या सूचना आणि ओटीपी परक्या माणसाला जातात.

नंबर घरात ठेवायचा असेल, तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा घेऊन कंपनीच्या दुकानात वारसाच्या नावे करून घ्यावा. बंद करायचा असेल तर लेखी अर्जात थकबाकी नसल्याचे पत्र मागावे आणि पोस्टपेडची अनामत वारसाच्या खात्यात मागावी.

आपल्या उदाहरणातल्या कुटुंबाचा क्रम मग असा होतो : आधी दाखल्याच्या पाच-सहा प्रती आणि नावांची जुळणी, मग विवरणावरून यादी, बँकेत दाखला आणि बिले स्वतःच्या खात्यातून, वीज आणि गॅसचे अर्ज, प्रत्येक ठिकाणी आईचा किंवा मुलाचा मोबाईल क्रमांक, आणि सगळीकडून नवा क्रमांक नोंदल्याची खात्री झाल्यावर वडिलांचा नंबर. शिक्का असलेल्या सर्व प्रती एकाच फाइलमध्ये ठेवा. बेळगावहून ना-हरकत पत्रावर सही घ्यायची असेल, तर वीज आणि गॅस या दोन्हींसाठी एकाच वेळी घ्या. मुलीला दोनदा खेपा पडणार नाहीत.