टॅनचा आलेख: फळ्यावरच्या खिळ्याने शिकवलेलं

बीड जिल्ह्यात अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवताना साइनचा आलेख कधी अडला नाही. टॅनने मात्र मलाच पुन्हा विद्यार्थी केलं.

1. आधी सावली मोजायची. बीड साधारण 19 अक्षांशावर आहे. 21 मार्चला एक मीटरची काठी अंगणात उभी रोवली, तर भर मध्यान्ही, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या सुमारास, सावली 34 सेंटिमीटर भरते. टॅन 19° म्हणजे तेवढंच, 0.34. मेच्या मध्याला सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली गायब होते, टॅन शून्य. 21 जूनला ती दक्षिणेकडे जेमतेम आठ सेंटिमीटर पडते. बाजू बदलली की चिन्ह बदललं, हे पोरांना सांगावंही लागत नाही.

2. संध्याकाळची सावली मोजायला जाऊ नये. सूर्य डोक्यावरून 80° कलला की ती 5.67 मीटर होते, 89° ला 57 मीटर. एवढ्या लांबीवर तिची कड पुसट होते, मध्ये बांध येतात. म्हणून मी फळ्यावर आडवी रेघ मारतो, तिच्यावर दहा सेंटिमीटर उंचीवर खिळा ठोकतो आणि त्याभोवती लांब पट्टी फिरवतो. पट्टी खालच्या रेघेला कुठे छेदते ते पाहायचं. उभ्या पट्टीपासूनचा कोन 45° असला तर खिळ्याच्या पायथ्यापासून दहा सेंटिमीटरवर, 60° असला तर सव्वासतरावर. 90° ला पट्टी रेघेला समांतर, छेद नाहीच! आणखी एक अंश पुढे गेलं की पट्टीचं मागचं टोक वाढवून पाहावं लागतं. छेद उलट बाजूला, पावणेसहा मीटरवर.

3. ते दोन बिंदू जोडायचे नाहीत. 89° चा +57 आणि 91° चा −57 जोडून पोरं खाली येणारी रेघ काढतात. माझ्याही वहीत ती होती. 90° ची तुटक उभी रेघ ही अनंतस्पर्शी, आलेखाचा भाग नव्हे. आलेख तिच्या जवळ जातो, तिला शिवत नाही. किती वेगाने जातो? 90° ला जेवढे अंश उरले, तेवढ्याने 57.3 ला भागा. अर्धा अंश उरला तर उत्तर 115 च्या आसपास येतं. 80° च्या अलीकडे मात्र ही युक्ती चालत नाही.

4. 'सर, साइन-कॉस 360° ला फिरून येतात, मग टॅन 180° ला कसा?' हा प्रश्न दरवर्षी येतो. आता मी पट्टीच्या एका टोकाला कुंकू लावतो. पट्टी अर्धी फेरी फिरवली की लाल टोक बरोबर विरुद्ध बाजूला जातं. साइन ते टोक उभ्या रेषेपासून किती बाजूला आहे हे सांगतो, म्हणून 30° चा 0.5 हा 210° ला −0.5 होतो. कॉसही 0.866 वरून −0.866. दोघांची चिन्हं एकदमच उलटली, भागाकार तोच राहिला, 0.577. टॅनला टोकाचा रंग दिसत नाही, त्याला फक्त पट्टीचा कल दिसतो. 360° ला टॅन परत येतोच. पण आवर्तनकाल म्हणजे सगळ्यांत लहान फेरी, आणि ती 180° ची.

कुंकू पुसून पट्टी पुन्हा लावली, की कोणतं टोक कोणतं हे मलाही सांगता येत नाही.