कमलालाही बोलू दे

चि. सोनूस,


परिपाठासाठी लिहिलेला तुझा संवाद दोनदा वाचला. निबंधाचा विषय गाईडमधून उतरवणारी कमला आणि तेंदूपानांचा स्वतःचा विषय शोधणारी सुनीता, ही जोडी चांगली धरलीस. पण त्यांचं भांडण होतच नाही. कमला ‘मला कंटाळा येतो’ एवढंच म्हणते आणि सुनीता तिला दहा ओळी सुनावते. कमलाला खरं कारण दे. ‘समुद्रकिनारी एक संध्याकाळ’ उतरवलं की गुण मिळतात हे तिला ठाऊक आहे. तेंदूपानांवर लिहिलेलं बाईंना आवडेल की नाही, याची तिला धास्ती वाटते. समोर बसलेल्या कितीतरी मुलांना हीच धास्ती असते, म्हणून ती तिच्या तोंडून येऊ दे.

मग सुनीताने नुसतं विचारावं :

– ओल्या वाळूत पाय कसा पडतो गं?
– ते गाईडमध्ये नाही.
– बरं, तेंदूच्या पुडक्यात पानं किती?
– सत्तर! हे काय विचारणं झालं?

या ‘सत्तर’वर कमलाने जराही थांबायचं नाही. समुद्राबद्दल अडखळलेली मुलगी इथे चटकन बोलते, तेवढ्यानेच ऐकणाऱ्यांना सगळं कळतं. सुनीताने वर समजावायला जाऊ नये.

खरं भांडण याच्या पुढे आहे, आणि ते तू लिहिलंच नाहीस. कमला म्हणेल, ‘मग मीपण तेंदूवरच लिहिते.’ सुनीता चिडेल, ‘तो माझा विषय!’ इथे चूक सुनीताची आहे. मे महिन्यात सगळं गाव पानं तोडायला जातं, विषय तिच्या एकटीचा कसा? सुनीता अंधारात उठून आईबरोबर जंगलात जाते. कमलाचे बाबा फळीवर पुडकी मोजून घेतात. एकीने तोडणं लिहावं, दुसरीने मोजणं. मात्र कमलाने सुनीताची पहाट आपल्या वहीत घेतली, तर ती नक्कल झाली. हा फरक तुझ्या संवादात यायला हवा.

वडशाच्या कंपन्यांची झाडीपट्टी नाटकं रात्रभर चालतात, तिथे लांब बोलणं खपतं. तुला तीन-चार मिनिटं मिळतील. प्रत्येक वाक्य एका दमात, माईक नसताना मागच्या रांगेपर्यंत पोचतं का, हे अंगणात उभी राहून बघ. जिथे दम तुटतो तिथे वाक्य तोड.

आणि शेवटचा सुविचार काढ. त्याऐवजी सुनीता विचारू दे, ‘आमच्या आईची पुडकी तुझ्या बाबांनी परवा परत का केली गं?’
कमला वही उघडते. ‘थांब, लिहूनच दाखवते.’
तिथे दोघींनी वाकून नमस्कार करायचा.

तुझी,
आत्या