दिरहम पाठवले किती, रुपये मिळाले किती? : व्यवहारातील शेकडेवारी



आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत दर महिन्याला दुबईहून, शारजाहून पैसे येतात. वर्गातल्या काही मुलांचे वडील, काका तिकडेच असतात. त्यामुळे दशांश अपूर्णांकांचा गुणाकार आणि नफा-तोटा शिकवताना हे उदाहरण मुलांना लगेच आपलंसं वाटतं. पालकांनाही ते रोजच्या उपयोगाचं आहे. चला तर मग, गणित मांडू या.

एक मुलगा दुबईत नोकरी करतो. गावी आई-वडिलांच्या औषधपाण्यासाठी आणि घरखर्चासाठी तो दरमहा 1500 दिरहम बाजूला काढतो. त्याच्यासमोर पैसे पाठवण्याचे दोन मार्ग आहेत. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. दर रोज बदलतो.)

समजा, आज बाजारातला दर 1 दिरहम = 23.00 रुपये आहे. मोबाईलवर शोधल्यावर दिसतो तो हाच. पण पैसे पाठवणारी कंपनी हा दर देत नाही, थोडा कमी देते. मधला फरक ती स्वतःकडे ठेवते.

पहिली कंपनी : शुल्क 20 दिरहम, त्यावर तिथला 5 टक्के व्हॅट 1 दिरहम, एकूण 21 दिरहम. दर 22.90 रुपये.
दुसरी कंपनी : पाटीवर लिहिलंय, ‘शुल्क नाही’. दर 22.60 रुपये.

‘शुल्क नाही’ म्हणजे फुकट, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण नीट बघा. दुसरी कंपनी प्रत्येक दिरहममागे 40 पैसे कापते. 1500 दिरहमचे झाले 600 रुपये! पावतीवर ते कुठेच दिसत नाहीत, एवढंच.

मग पहिली कंपनी बरी का? थांबा, आधी हिशोब करू.

पहिली : 1500 − 21 = 1479; 1479 × 22.90 = 33,869.10 रुपये
दुसरी : 1500 × 22.60 = 33,900 रुपये

आश्चर्य वाटलं ना? इथे दुसरीच जरा बरी निघाली. आता रक्कम दुप्पट, म्हणजे 3000 दिरहम करून पाहा.

पहिली : 2979 × 22.90 = 68,219.10 रुपये
दुसरी : 3000 × 22.60 = 67,800 रुपये

आता पहिली 419 रुपयांनी पुढे गेली. असं का झालं? शुल्क ठरलेलं असतं. रक्कम वाढली तरी ते 21 दिरहमच राहतं. दरातला फरक मात्र रकमेबरोबर वाढत जातो. 21 दिरहम म्हणजे सुमारे 481 रुपये, आणि पहिल्या कंपनीत प्रत्येक दिरहमला 30 पैसे जास्त मिळतात. 480.90 ÷ 0.30 = 1603. म्हणजे साधारण 1600 दिरहमपर्यंत दुसरी कंपनी परवडते, त्यापुढे पहिली.

म्हणून मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा : “सगळं वजा जाता आई-बाबांच्या खात्यात रुपये किती जमा होतील?” शुल्क किती, दर किती हे वेगवेगळं विचारून उत्तर मिळत नाही. आणि तुलना करायची ती एकाच दिवशी, एकाच वेळी. काही ठिकाणी चांगला दर फक्त पहिल्या वेळेपुरता असतो, तेव्हा दुसऱ्या महिन्यात हिशोब पुन्हा करायचा.

आता कोणी म्हणेल, दोन महिन्यांचे एकदम पाठवले तर 419 रुपये वाचतील की! वाचतील. पण वडिलांची औषधं दर महिन्याला लागतात. मधल्या महिन्यात त्यांना दुकानात उधारी करावी लागली, तर त्या बचतीला अर्थ नाही. घरात एका महिन्याचा खर्च आधीच शिल्लक असेल, तरच हा मार्ग धरावा.

‘दर वाढेपर्यंत थांबू’ याचंही तसंच. 1997 पासून 1 डॉलर म्हणजे 3.6725 दिरहम हे ठरलेलं आहे. त्यामुळे डॉलरसमोर रुपया घसरला की दिरहमचे जास्त रुपये मिळतात, रुपया सावरला की कमी. पुढे काय होईल ते कोणाच्या हातात नाही. दर 10 पैशांनी वाढला तर 1500 दिरहमवर 150 रुपये जास्त, आणि तेवढाच उतरला तर 150 रुपये कमी. घरी हप्त्याची तारीख असेल तर तीन-चार दिवस आधीच पाठवावं. तिकडे शनिवार-रविवार सुट्टी, आपल्याकडे दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बँक बंद. खाते क्रमांक, आयएफएससी कोड आणि पासबुकावरचं नाव जुळवून बघावं. नाव किंवा कोड चुकला तर पैसे अडकतात आणि परत यायला दिवस जातात. खाते क्रमांक दुसऱ्याचाच पडला तर आणखी अवघड.

स्वाध्याय : वरच्याच दरांनी 500 दिरहम पाठवायचे आहेत. कोणती कंपनी निवडाल? किती रुपये जास्त मिळतील?
(उत्तर : दुसरी, 11,300 − 10,969.10 = 330.90 रुपये.)

ज्यांच्या घरी असे पैसे येतात, त्यांनी मागची पावती काढून मुलांसोबत हाच हिशोब नक्की करून बघा.