खात्यातून रक्कम वजा झाल्याच्या संदेशाचे छायाचित्र : पारख कशी करावी?

एका दुकानदारास ग्राहकाने ४,५०० रुपये वजा झाल्याचा बँकेचा संदेश भ्रमणध्वनीच्या पडद्याचे छायाचित्र म्हणून पाठविला. प्रेषक म्हणून VM-ABCBNK असे लिहिले होते. मजकुरात ‘रक्कम दोन तासांत दुकानदारास मिळेल’ असे आश्वासन होते.

प्रथम प्रेषक पाहावा. व्यापारी संदेशांचे शीर्षनाम दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार नोंदवावे लागते. आरंभीची दोन अक्षरे सेवादाता व परिमंडळ दर्शवितात. २०२५ च्या दुरुस्तीनंतर शेवटी संदेशाचा प्रकार दर्शविणारे अक्षरही येते : सेवेसाठी S, व्यवहारासाठी T, जाहिरातीसाठी P. येथे ते नव्हतेच. अर्थात, कोणताही क्रमांक अशाच नावाने जतन करता येतो. मात्र तेव्हा खाली उत्तर लिहिण्याची चौकट दिसते. अक्षरी शीर्षनामास उत्तर पाठविता येत नाही.

त्यानंतर मजकूर. वजावटीच्या संदेशात सामान्यतः खात्याचे शेवटचे अंक, रक्कम, दिनांक व संदर्भ क्रमांक असतो, आणि व्यवहार आपण केला नसल्यास कोठे कळवावे हेही असते. तो खातेदारास उद्देशून असतो. दुकानदारास पैसे कधी मिळतील याची हमी त्यात नसते. येथील ते वाक्य म्हणूनच बनावटपणाची सर्वांत ठळक खूण ठरते.

चिन्हे जुळली तरी छायाचित्रातील अक्षरे बदलता येतात. शिवाय खरा संदेशही केवळ देणाऱ्याच्या खात्याविषयी बोलतो. दुकानदाराने माल देण्यापूर्वी स्वतःच्या खात्यातील जमा तपासावी.