बोटात अंगठी, झाडाला आंबे

मी संध्याकाळच्या वर्गात मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. बहुतेक जण मराठी माध्यमातून आलेले, नोकरीधंदा सांभाळून शिकणारे. इन, ऑन आणि अ‍ॅट या तीन शब्दांनी त्यांच्याइतकंच मलाही माझ्या मराठीकडे नव्यानं बघायला लावलं.

१. विभक्तीचा तक्ता इथे फारशी मदत करत नाही. त, ई, आ ही सप्तमी आपण शाळेत घोकलेली असते. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण 1836 साली छापलं गेलं, तेव्हापासून हा संस्कृत घाटाचा तक्ता आपल्यासोबत आहे. पण ज्या ‘वर’शिवाय आपलं पान हलत नाही, तो त्यात नाहीच, तो शब्दयोगी अव्यय. वर्गातली मंडळी मग आपापला तक्ता बनवतात: ‘त’ म्हणजे इन, ‘वर’ म्हणजे ऑन, ‘ला’ म्हणजे टू. अ‍ॅटला जोडीदारच उरत नाही, म्हणून तो कुठेही अंदाजानं टाकला जातो. पहिले काही दिवस मी हा तक्ता मोडण्यातच घालवते.

२. अंगावरच्या वस्तूंपाशी दोन्ही भाषा सगळ्यात लांब जातात. ‘द रिंग इज इन माय फिंगर’ हे वाक्य दर बॅचला कुणीतरी लिहितंच. इंग्रजी कानाला ते अंगठी मांसात रुतल्यासारखं ऐकू येतं. लिहिणाऱ्यानं मात्र सरळ मराठी ऐकलेली असते: बोटात अंगठी, पायात चप्पल, हातात बांगड्या, अंगात सदरा. मी ही यादी फळ्यावर लिहिते आणि शेजारी दुसरी मांडते: अंगावर शाल, खांद्यावर उपरणं, डोक्यावर पदर. दोन्ही याद्या समोरासमोर आल्या की कुणीतरी आपणहून म्हणतं, पहिल्या वस्तू अवयवाला बरोबर बसतात, दुसऱ्या नुसत्या टाकलेल्या असतात. मराठीला बसवणं आणि पांघरणं यांतला फरक सांगायचा असतो. इंग्रजीला तो महत्त्वाचा वाटत नाही. वस्तू शरीराच्या पृष्ठभागाला टेकली की ऑन, मग ती अंगठी असो, चप्पल असो की शाल. नाकातली नथ खरोखरच भोकातून आत जाते, म्हणून तिथे इंग्रजीतही इन चालतो. आणि माणूस कपड्यात असला की दोन्ही भाषा एकत्र येतात: ‘द वुमन इन द ग्रीन सारी’, हिरव्या साडीतली बाई. इथे साडी बाहेर आणि बाई आत, हे दोघींनाही मान्य आहे.

३. एकाच झाडावर इन आणि ऑन दोन्ही शिकवता येतात, हे मला फार उशिरा कळलं. झाडाला आंबे लागलेत आणि झाडावर पोपट बसलाय. आपण आंब्याला ‘ला’ देतो, पोपटाला ‘वर’. इंग्रजी नेमकी उलटी बाजू धरते: आंबे ऑन द ट्री, पोपट इन द ट्री. इंग्रजीच्या नजरेत झाडाची फांद्यापानांची एक पोकळी आहे आणि पोपट त्या पोकळीत आहे. आंबा मात्र फांदीला चिकटलेला, म्हणून ऑन. तोच पोपट विजेच्या खांबावर बसला की पोकळी नाही, म्हणून ऑन द पोल. मराठी हा विचारच करत नाही. तिचा प्रश्न असा असतो, की वस्तू तिथे उगवलीय किंवा जडवलीय, की येऊन बसलीय? जडवलेल्याला ‘ला’: दाराला कुलूप, शर्टाला बटण, छताला पंखा. हे सगळे इंग्रजीत ऑन. ‘लॉक टू द डोअर’ असं कुणी लिहिलं की मी ‘ला’खाली रेघ मारते आणि विचारते, इथे काही कुणाला दिलंय का, की काही कशाला अडकवलंय? दिलं असेल तर टू, अडकवलं असेल तर ऑन. चुका पुष्कळ कमी होतात.

४. चूक उलट्या दिशेनंही होते. परदेशात वाढलेली आपली मुलं मराठी बोलताना ‘पायावर चप्पल’ म्हणतात. त्यांनी ऑनचं ‘वर’ केलेलं असतं. आपल्याला त्यातून पाय खाली आणि चप्पल त्याच्यावर पडलेली दिसते. लहान मुलांच्या तोंडी ‘घोडावर’ही येतं, कारण ‘वर’ लागण्याआधी घोड्याचं रूप बदलतं हे इंग्रजीनं त्यांना कधी शिकवलेलंच नसतं. इंग्रजी नाम कुणापुढेही वाकत नाही.

५. अ‍ॅटचा जोडीदार मला ‘घरी’ या शब्दात सापडला. अंगणात तुळशीला पाणी घालणारी आई घरी आहे, पण घरात नाही. इंग्रजीतही ती अ‍ॅट होम आहे, इन द हाउस नाही. भिंतींच्या आत असणं आणि त्या ठिकाणी असणं, हा फरक आपल्याकडे जुन्या ‘ई’नं जपून ठेवलाय: घरी, गावी, दारी, माहेरी, सासरी. अडचण एवढीच, की हा ‘ई’ नव्या शब्दांना लागत नाही. ‘स्टेशनी’ कुणी म्हणत नाही. म्हणून एका अ‍ॅटसाठी आपण वेगवेगळी रूपं वापरतो: स्टेशनवर, लग्नाला, शाळेत, दाराशी, सिग्नलपाशी. यातला ‘शाळेत’ जास्त फसवतो, कारण ‘त’ दिसला की हात इनकडे जातो. तिथे मी ‘घरी’ची कसोटी लावायला सांगते: भिंतींच्या आत असं म्हणायचंय की नुसतं ठिकाण सांगायचंय? दवाखान्याच्या बाबतीत ही कसोटी जपून वापरावी लागते. ब्रिटिश इंग्रजीत ‘माय फादर इज इन हॉस्पिटल’ म्हणजे वडील अ‍ॅडमिट आहेत. ते कुणाला भेटायला गेले असतील तर ‘अ‍ॅट द हॉस्पिटल’ म्हणायला हवं, नाहीतर ऐकणारा घाबरून जातो.

६. वेळेच्या बाबतीत तोच ‘ई’ बरंच काही एकटा सांभाळतो. सोमवारी, सकाळी, रात्री. इंग्रजीत यांचे तीन तुकडे होतात: ऑन मंडे, इन द मॉर्निंग, अ‍ॅट नाइट. घड्याळातल्या वेळेला अ‍ॅट, दिवसाला ऑन, महिना आणि वर्षाला इन, एवढं धरून ठेवलं की बरंच भागतं. ‘अ‍ॅट नाइट’ मात्र पाठच करावं लागतं. ‘सोमवारी सकाळी’मध्ये आपले दोन ‘ई’ शेजारी बसतात. इंग्रजीत वार आला की सकाळचा इन जातो आणि ‘ऑन मंडे मॉर्निंग’ होतं.

७. रागाच्या वाक्यांत ‘वर’ हाच अ‍ॅट असतो. ‘साहेब माझ्यावर ओरडले’ याचं ‘शाउटेड ऑन मी’ होतं, आणि ते दुरुस्त करून नुसतं अ‍ॅट सांगितलं तर लक्षात राहत नाही. म्हणून मी जोड्या लावून घेते. माझ्यावर ओरडले, शाउटेड अ‍ॅट मी. लांबून मला ओरडून सांगितलं, शाउटेड टू मी. चेंडू त्याच्यावर फेकला, अ‍ॅट हिम. त्याच्याकडे फेकला, टू हिम. समोरचा माणूस निशाणा असेल तर ‘वर’ आणि अ‍ॅट. त्याच्यापर्यंत काही पोचवायचं असेल तर ‘ला’ किंवा ‘कडे’ आणि टू. कुत्रा भुंकतो तोही आपल्यावर, अ‍ॅट अस. पण ‘माझ्यावर प्रेम करतो’मध्येही ‘वर’ आहे, आणि तिथे इंग्रजी काहीच लावत नाही, थेट ‘लव्ज मी’ म्हणते. त्यामुळे ही जोडी मी राग, आरडाओरडा आणि फेकाफेकी यांच्यापुरतीच शिकवते. बाकीची क्रियापदं वहीत पूर्ण वाक्यानिशी लिहून घ्यावी लागतात.