चित्र गळालेला डीएनएचा प्रश्न

कोडॉनचा तक्ता नीट छापला गेला आणि डीएनएच्या धाग्याचे चित्र मात्र गळाले, तर प्रश्न अर्धाच उरतो. चित्रात अक्षरांशिवाय आणखी दोन गोष्टी असतात: कुठले टोक 5′ व कुठले 3′, आणि धागा साच्याचा की कोडिंगचा. फळ्यावर नुसती अक्षरे उतरवताना नेमक्या याच गोष्टी सुटतात.

बारावीच्या एका शिकवणीत झेरॉक्सवर चित्राच्या जागी करडा चौकोन उमटला होता. सरांनी तोंडी सांगितले: साचा धागा, TACAAACGTATT. टोके दिली नसतील तर डावे टोक 5′ धरायचे, हा रूढ संकेत. एका विद्यार्थ्याने तो पाळला. साचा 3′ कडून वाचला जातो, म्हणून त्याने उजवीकडून सुरुवात केली. एमआरएनए आला 5′-AAU ACG UUU GUA-3′ आणि साखळी ॲस्परॅजीन–थ्रिओनीन–फेनिलॲलॅनीन–व्हॅलीन. उत्तराला शून्य मिळाले, वर टोमणाही: “सुरुवात AUG नेच होते, एवढंही माहीत नाही?” पुढे मूळ पुस्तिका हाती आली, तेव्हा चित्रात डाव्या टोकाशी बारीकसा 3′ दिसला. तसे वाचले तर AUG UUU GCA UAA, म्हणजे मेथिओनीन–फेनिलॲलॅनीन–ॲलॅनीन आणि थांबा. चूक वाचनाची नव्हती, सांगण्याची होती. कापलेले गुण अर्थातच परत मिळाले नाहीत.

हीच बारा अक्षरे कोडिंग धाग्याची असती, तर डावे टोक 5′ धरून टायरोसीन–लायसीन–आर्जिनीन–आयसोल्यूसीन आणि डावे टोक 3′ धरून ल्यूसीन–सिस्टीन–लायसीन–हिस्टिडीन अशी साखळी येते. एक ओळ, चार उत्तरे, आणि तक्ता चारही निमूटपणे देतो.

AUG ने सुरुवात आणि थांबा-कोडॉनने शेवट हा पाठ्यपुस्तकी प्रश्नांत भरवशाचा धागादोरा आहे, पण पुरावा नव्हे. दिलेला तुकडा जनुकाच्या मधला असेल तर त्यात दोन्ही नसतील. पर्यायांवरून उलटे जाऊन मूळ धागा शोधणेही व्यर्थ. फेनिलॲलॅनीनला दोन कोडॉन आहेत, ॲलॅनीनला चार, थांब्याला तीन. म्हणजे वरच्या छोट्या साखळीलाच चोवीस वेगवेगळे धागे चालतात. ही पद्धत फक्त दिलेला पर्याय जुळतो का, हे तपासण्यापुरती कामाची.

तक्त्यात U दिसला तर तो एमआरएनएच्या कोडॉनचा तक्ता होय. त्यात साच्याची अक्षरे किंवा टीआरएनएचे अँटिकोडॉन थेट शोधू नयेत. प्रश्नातल्याच ओळीत U असेल, तर प्रतिलेखन आधीच झालेले असते आणि पुन्हा पूरक अक्षरे लिहिली की सगळे बिघडते. प्रश्न नीट वाचावा, शंका वेळेत विचारावी, हे तर सगळेच सांगतात. विचारूनही टोके कळली नाहीत, तर उत्तराच्या पहिल्या ओळीत ‘डावे टोक 5′, साचा धागा असे गृहीत धरले’ असे लिहावे आणि त्याखाली एमआरएनए टोकांसह मांडावा. त्या विद्यार्थ्याने ही ओळ लिहिली नव्हती.